प्रकरण ३ : कार्यपद्धती (डाळिंबावरील तेल्या रोगाचे वर्गीकरण)

सांगोला तालुक्यातील तीन बागांमधून फळांचे १,२०० फोटो घेतले : ९०० निरोगी, ३०० तेल्याग्रस्त. एकाच झाडाचे फोटो प्रशिक्षण आणि चाचणी या दोन्ही संचांत गेल्यास अचूकता फसवी वाढते. म्हणून प्रशिक्षण, पडताळणी व चाचणी संचांची ७०:१५:१५ ही विभागणी फोटोनुसार न करता झाडानुसार केली.

फोटो २२४×२२४ पिक्सेलचे केले. फिरवणे व उलटवणे फक्त प्रशिक्षण संचावर केले. रंगछटा मुद्दाम बदलली नाही, कारण काळपट, तेलकट डाग हेच रोगाचे लक्षण आहे.

इमेजनेटवर पूर्वप्रशिक्षित मोबाइलनेट-व्ही२ चे थर गोठवून फक्त शेवटचा थर शिकवला. तेल्या वर्गाला तिप्पट भार दिला. सर्व फळे निरोगी ठरवली तरी अचूकता ७५% दिसते, त्यामुळे मूल्यमापन तेल्याच्या रिकॉल व एफ-१ वर केले. निर्णयाचा उंबरठा पडताळणी संचावर ठरवला. चाचणी संच शेवटी एकदाच वापरला.