नाव उद्या, नीज आज

गाई गाई गं चिमणे,
गाई गाई, गाई चिऊ,
रात आली दबकत,
तिचे पाय मऊ मऊ.

हूं हूं हूं, हूं हूं हूं,
झुल झुल झुल,
मऊ मऊ दुपट्यात
मऊ मऊ फूल.

अकरावी रात आज,
उद्या तुझं गं बारसं,
अजून ना तुला नाव,
अजून ना गं बाळसं.

येईल आत्या वाशीची,
कानी करेल गं कुर्र,
मग नावाची होशील
आणि उडशील भुर्र.

(अशी टकाटका बघू नकोस माझ्याकडे. नाव ठरलंय, मला ठाऊकही आहे, पण मी सांगायची नाही. तो आत्याचा मान. आईच्या आईनं घुगऱ्या करायच्या, घुगऱ्या वाटायच्या आणि गप्प बसायचं.)

तोवर तू माझी ठमी,
तोवर तू माझी ठकी,
तोवर तू छबू, बबू,
तोवर तू लुकलुकी.

हूं हूं हूं, हूं हूं हूं,
झुल झुल झुल,
लुकलुक डोळ्यांवर
पापणीची झूल.

सकाळी न्हाऊ घातलं,
टाळूला तेल जिरलं,
न्हाताना केवढी रडलीस,
सगळं घर फिरलं!

गालावर काळी तीट,
कानामागं काळी तीट,
दृष्ट कुणाची लागो ना,
मोहऱ्या नि थोडं मीठ.

(धुरी नाही हं दिली. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या, धूर बाळाच्या छातीला चांगला नाही म्हणाल्या. मी ऐकलं. मनात नव्हतं, पण ऐकलं.)

खिडकीतून दूर खाडी,
काळी काळी, संथ संथ,
तिवरांच्या पायापाशी
पाणी बोले मंद मंद.

चुबुक चुबुक चुबुक,
चुबुक चुबुक चूप,
फ्लेमिंगो निजले सारे
एका पायावर गुपचूप.

(तेही पाहुणेच, बाई. कच्छकडून येतात थंडीत. त्यांची पिल्लं म्हणे आधी करडी असतात, खाऊन खाऊन मग गुलाबी होतात. तू तर आलीस तीच गुलाबी. आणि एक पाय बघ कसा वर! तुलाही एकाच पायावर निजायचंय का?)

चौदाव्या मजल्यावर गं
वारा करी सूं सूं सूं,
एवढ्या उंच आपल्यात
पहिली निजलीस तूं.

सूं सूं सूं, सूं सूं सूं,
हूं हूं हूं, हूं हूं हूं.

रुळांवरून शेवटची
लोकल गेली निघून,
मेल शिरली बोगद्यात
पारसिकच्या आतून.

धडधड, धडधड,
दूर, दूर, दूर,
तुझ्या छातीत तेवढाच
चालू राहिला सूर.

(ऐक, तुझ्या आजोबांची गोष्ट. ते रेल्वेत होते, त्यांना हे तोंडपाठ. 16 एप्रिल 1853. बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती आपल्या ठाण्यालाच आली. चौदा डबे, चारशे माणसं, पुढे तीन इंजिनं. आजोबा इंजिनांची नावं अशी सांगायचे, जशी घरातली पोरं.)

तीन होती इंजिनं ती,
सिंध, साहिब, सुलतान,
ठाण्यापाशी येता येता
लागली त्यांना तहान.

सिंध, सिंध, साहिब, साहिब,
सुलतान, सुल, सुल,
सूं सूं करून निजले तिघे,
तूही आता झुल.

तुलाही लागते तशी,
दर दोन तासांनी गं,
आईला उठवू नको,
आत्ताच निजली ती गं.

अर्धा लाडू ताटलीत,
अर्धी खीर अळिवाची,
तुझ्या आईच्या डोळ्यांत
झोप अकरा रातींची.

हळू हळू, हळू हळू,
नको वाजवू पैंजण,
टाके दुखतात तिचे,
पडू दे तिला दोन क्षण.

चेंदणीच्या चाळीमध्ये
लुगड्याची होती झोळी,
पायानं मी झोका देई,
हातानं लाटत पोळी.

करकर करकर
दोर बोले आढ्याशी,
तुझी आई त्या झोळीत
मूठ धरून छातीशी.

तिलाही हीच गं गाई,
तिलाही हेच हूं हूं,
तीही अशीच बघायची,
बघते आहेस जशी तूं.

(ती चाळ गेली, तिथे आता टॉवर. दोर बांधायला आढं नाही, म्हणून हा स्टीलचा पाळणा जांभळी नाक्यावरनं आणला. झुलतो छान, पण करकरत नाही. करकर नसली की मलाच झोका देतेय असं वाटत नाही. म्हणून तोंडानं करते. कर, कर, कर.)

कर कर, कुर कुर,
कुर कुर, कर कर,
झोप येते पायऱ्यांनी,
लिफ्ट नाही, चढ वर!

एक पायरी, दोन पायरी,
दमली झोप, बसली,
तिसऱ्या पायरीवर गं
कुणी बरं ती हसली?

(हसतेस होय? सटवाई हसवते म्हणतात झोपेत. हसवू दे.)

मासुंद्याच्या पाण्यामध्ये
दिवे झाले लांब लांब,
कोपिनेश्वराची घंटा
म्हणते, थांब, जरा थांब.

निजला गं मासुंदा तो,
निजली गं कचराळी,
निज निज उपवन,
निज निज मखमली.

ब्रह्माळा नि सिद्धेश्वर,
आंबेघोसाळं निजलं,
रायलादेवीचं पाणी
दुपट्यासारखं भिजलं!

(अगं बाई! तूही? तरीच चुळबुळ चाललीय. थांब, थांब. उगी, उगी, उगी. कोरडा लंगोट, कोरडं दुपटं. हे बघ, झालंच. सगळी तळी निजली आणि आमच्याच घरात पूर.)

उगी उगी, उगी गं,
कोरडं कोरडं झालं,
मऊ मऊ जुन्या साडीचं
दुपटं नवं आलं.

येऊरच्या रानामध्ये
बिबट्याचं पिल्लू जागं,
त्याची आजी म्हणे त्याला,
नको जाऊ वाटेमागं.

त्याची आजी गुरगुरे,
तुझी आजी गुणगुणे,
दोघींचीही पोरं जागी,
दोघी म्हाताऱ्या शहाण्या म्हणे!

हूं हूं हूं, हूं हूं हूं,
गुर गुर, गुण गुण,
पापणीच्या दारावर
झोप उभी रुणझुण.

उद्या येतील पाहुणे,
उद्या होईल कल्ला,
गोविंद घ्या, गोपाळ घ्या,
पाळण्याखाली हल्ला.

हाक मारतील सारे
नव्या नावानं तुला,
वही, दाखला, शाळेत
तेच चालेल तुला.

माझ्यापाशी एक नाव,
त्याला अक्षर नाही,
तुझ्या आईला दिलेलं,
तुला देते तेही.

अंधारातच ते हाकारायचं,
उजेडात ते नाही,
हूं हूं हूं, हूं हूं हूं,
एवढंच ते, बाई.

हूं हूं हूं…
चिमणे, हूं…
झुल झुल…
हूं…

(निजली. हिची आईही घोरतेय, चांगलं झालं. आता मी हलले की पाळणा थांबेल, पाळणा थांबला की ही उठेल. बसते अशीच. हूं… हूं…)