बाळ्या आणि तीन महिन्यांची गोळी

उभी फ्रेम, सुमारे अडीच मिनिटं. बाळ्या गावठी कुत्रा, चार वर्षांचा. गोळी जंतांची, दर तीन महिन्यांनी द्यायची. कॅमेरा जमिनीपासून एक फुटावर, म्हणजे माणसं कमरेपर्यंतच दिसतील. निवेदकाचा आवाज भारदस्त, सावकाश, तालमीतल्या वस्तादाचा. हसू अजिबात येऊ द्यायचं नाही. आवाज ओठांशी जुळवायचा नाही. बाळ्याची नजर वळली की अर्ध्या सेकंदानं वाक्य सुरू. सरावाला गोळीऐवजी सुक्या खोबऱ्याचा तुकडा. खरी गोळी फक्त पनीरच्या दृश्यात, एकदाच.

०:०० (सोफ्याखालून फक्त नाक.)
बाळ्या: घरात पत्र्याचे डबे चार. बिस्किटांचा उघडला की 'टण्ण'. औषधांच्या डब्याचं झाकण घट्ट, त्याचं 'फट्'. आत्ता वाजलं ते फट्. मी घरात नाही.

०:१५ (वजनकाट्यावर बाबा, मग बाळ्याला उचलून बाबा. चारही पाय लोंबकळताना क्लोजअप.)
बाळ्या: आधी एकटे बाबा. एकाहत्तर. मग आम्ही दोघं. एक्क्याण्णव. वजाबाकी वीस. पाकिटावर लिहिलंय दहा किलोला एक, म्हणजे गोळ्या दोन. हिशोब चोख. पण ते एकाहत्तर आईनं ऐकलं, आणि आता गोळीपेक्षा मोठा विषय निघालाय.
(दोन सेकंद शांतता. बाळ्या बाबांकडे बघतो.)

०:३८ (आई तुपाची चपाती गुंडाळून आणते.)
बाळ्या: चपाती. वर तूप. आज सण नाही, वाढदिवस नाही. आई, गोळ्या तू नखानं मोडल्यास आणि त्याच बोटांनी तूप लावलंस. मोडलेल्या गोळीची कडू भुकटी आता बोटांना, चपातीला, ताटलीलाही. शिवाय केवढा हा घास! मोठा घास मी चावतो. चावला की सापडते.
(तो खातो. फरशीवर टक्. टक्. टक्. टक्. इथे संगीत नको, चारही आवाज स्वच्छ ऐकू आले पाहिजेत.)
बाळ्या: चार अर्ध्या. मोजून घ्या. कुणाचं ठेवून घेत नाही मी.
(दारातून आजी डोकावते.)
बाळ्या: साडेसातला आजीनं अर्धी भाकरी दिली, हे माझ्या तोंडून निघणार नाही. पोट भरलेलं असलं की चिकित्सा सुचते.

१:१५ (बाबा बाह्या सरसावून बसतात. जबडा उघडतात, अर्धी गोळी ठेवतात. टक्.)
बाळ्या: बाबा, जिभेच्या टोकावर ठेवलीत. टोकावरची गोळी जीभच बाहेर ढकलते. पार मागे, जिभेच्या मुळाशी ठेवायची, तोंड मिटून धरायचं, गळ्यावरून हळू हात फिरवायचा. मी नाक चाटलं की समजायचं, गेली. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा तुम्ही मोबाईल बघत होतात. मी टेबलावर होतो. मी ऐकलं.

१:४० (संध्याकाळ, जेवणाआधी. ताई वाटीतल्या चारही अर्ध्या मोजते, मगच पाकिटातून नव्या दोन काढते. हात साबणानं धुते. अख्खी गोळी चमच्यानं पनीरमध्ये दाबते.)
ताई (हळूच): एक अर्धी जरी कमी भरली असती ना आई, तरी नव्या दिल्या नसत्या. डॉक्टरांना फोन केला असता.

(पनीरचे बोराएवढे चार तुकडे: साधा, गोळीचा, गोळीचा, साधा. प्रत्येक वेळी पुढचा तुकडा आधीच नाकासमोर. हे एका दमात चित्रित करा. मध्ये कट आला तर गंमत जाते.)
बाळ्या: पनीर! थांबा, तपासतो. (गिळतो.) शुद्ध. दुसरा समोर आहे, तो ताईनं परत घेतला तर? (गिळतो.) तिसरा. चावायला वेळ कुणाला आहे? (गिळतो.) चौथा. (चावून, डोळे मिटून.) हा निवांत खाल्ला. चारही तुकडे तपासले. गोळी नाही. ताई प्रामाणिक मुलगी आहे.

२:१२ (बाळ्या नाक चाटतो. मागे आई कॅलेंडरवर आजची तारीख लिहिते, मग तीन महिन्यांपुढचं पान उघडून लाल गोल काढते.)
बाळ्या: तो लाल गोल कसला? पनीरचा दिवस असणार. एवढ्या लांब कशाला ठेवला, उद्या चाललं असतं.
(तो कॅलेंडरखाली जाऊन बसतो. वर बघतो. शेपटी फरशीवर तीनदा आपटते. अंधार.)