निर्यातीवरील न वापरलेल्या इनपुट क्रेडिटचा परतावा मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : १४ ऑक्टोबर २०२४
बेळगाव

प्रति,
मा. सहाय्यक आयुक्त,
केंद्रीय वस्तू व सेवा कर,
बेळगाव विभाग.

विषय : एप्रिल ते जून २०२४ या तिमाहीत कर न भरता, एल.यू.टी.वर केलेल्या निर्यातीसंदर्भात शिल्लक इनपुट क्रेडिटचा रु. ६,९६,०००/- परतावा. कलम ५४(३), नियम ८९.

संदर्भ : १) आज पोर्टलवर भरलेला आर.एफ.डी.-०१ अर्ज. २) आधीच्या अर्जावर २७ ऑगस्ट २०२४ रोजी मिळालेला त्रुटी मेमो, आर.एफ.डी.-०३.

महोदय,

उद्यमबागेत माझी स्वतःच्या मालकीची बीडाची फौंड्री आहे. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग आम्ही ओततो. काही माल कोल्हापूर, पुण्याकडे जातो आणि काही न्हावा शेवा बंदरातून जर्मनीतल्या एका खरेदीदाराला जातो. जी.एस.टी. नोंदणी क्रमांक व बँक खात्याचा तपशील अर्जात आहेच. २०२४-२५ साठीची एल.यू.टी., म्हणजे आर.एफ.डी.-११, २८ मार्च २०२४ रोजी, वर्ष सुरू होण्याआधीच भरली आहे. त्यामुळे खालची चारही बिले तिच्या मुदतीत येतात.

हे पत्र मराठीत लिहितो आहे. इंग्रजी प्रत सोबत आहे. फाइलसाठी तीच धरली तरी माझी हरकत नाही. पण हिशेब समजावून सांगायचा असला की मला आपल्या भाषेतच नीट जमते.

आधी त्रुटी मेमोबद्दल. चूक आमचीच होती. चौथ्या बिलाचे शिपिंग बिल क्रमांक २०९५५१७ आहे. आमच्या हिशेबनीसाने विवरणपत्र ३ मध्ये ते २०५९५१७ असे भरले, आणि अर्थातच कस्टम्सच्या नोंदीशी ते जुळले नाही. दुसरी चूक दुसऱ्या बिलाची. तो माल भाडे आणि विम्यासह विकला होता. बिल १६,४५,००० रुपयांचे, पण शिपिंग बिलावर एफ.ओ.बी. किंमत १५,६०,००० रुपये. आम्ही बिलाचा आकडा धरला. जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर दोहोंपैकी जी कमी ती धरायची असते, हे लक्षात राहिले नाही. त्या हिशेबाने परतावा ६,९९,५५६ रुपये येत होता, आता ६,९६,००० येतो. फरक ३,५५६ रुपयांचा आहे, त्यापायी दीड महिना गेला. मेमो निघाल्यावर क्रेडिट लेजरमधून वजा झालेली रक्कम परत जमा झाली. त्याचे पान जोडले आहे.

चारही निर्यात बिलांचा तपशील असा :

| बिल क्र. व दिनांक | शिपिंग बिल क्र. व दिनांक | एफ.ओ.बी. किंमत (रु.) | ई.जी.एम. दिनांक |
|---|---|---|---|
| ई/०१, १८ एप्रिल | ९३१४०७२, २२ एप्रिल | १४,२०,००० | २ मे |
| ई/०२, ११ मे | ९८७०३५१, १४ मे | १५,६०,००० | २४ मे |
| ई/०३, २९ मे | १३०६८९४, १ जून | ९,८०,००० | ११ जून |
| ई/०४, २० जून | २०९५५१७, २४ जून | १८,४०,००० | ४ जुलै |
| एकूण | | ५८,००,००० | |

सर्व तारखा २०२४ च्या आहेत आणि बंदर चारही वेळा न्हावा शेवा, कोड INNSA1. ई/०४ चे जहाज जुलैत सुटले, परंतु बिल आणि शिपिंग बिल दोन्ही जूनचे आहेत आणि जूनच्या जी.एस.टी.आर.-१ मध्ये तक्ता ६ए ला ते दाखवले आहे. म्हणून याच तिमाहीत धरले. जहाज सुटल्याच्या तारखेपासून दोन वर्षांची मुदत मोजली तरी चारही बिले मुदतीत आहेत.

ई/०३ बद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण याच बिलावर शंका येण्याचा संभव जास्त. हे बिल बेळगावच्या पत्त्यावरून निघाले आहे, पण ई-वे बिलात माल जिथून सुटला ती जागा शिनोळीची आहे. आपल्याकडच्या लोकांना यात नवल वाटत नाही. वेंगुर्ला रस्त्याने निघाले की शिनोळी येते, आणि शिनोळी आली की महाराष्ट्र लागतो. मशिनिंगचे काम आम्ही तिथल्या एका जॉबवर्करकडे देतो. ६ मे रोजी ओतीव माल चलनावर, ई-वे बिलासह तिकडे गेला. दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला जाणाऱ्या मालाला किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल लागते, म्हणून ते चलनागणिक काढलेले आहे. मशिनिंग होऊन, मोजमाप तपासून, पॅकिंगही तिथेच झाले. परत उद्यमबागेत आणून पुन्हा तोच ट्रक न्हावा शेव्याला पाठवण्यात भाडे वाया गेले असते, म्हणून माल थेट शिनोळीहूनच बंदराला रवाना केला.

कलम १४३ प्रमाणे मूळ मालकाला जॉबवर्करच्या जागेवरून निर्यात करता येते, आणि जॉबवर्कर स्वतः नोंदणीकृत असला तर ती जागा माझ्या नोंदणीत अतिरिक्त म्हणून दाखवण्याची गरज नसते. आमचा जॉबवर्कर महाराष्ट्रात नोंदणीकृत आहे. त्याच्या नोंदणीची प्रत, ६ मेची चलने आणि ट्रकची लॉरी पावती सोबत जोडली आहे. माल कर्नाटकातून गेला की महाराष्ट्रातून, असा प्रश्न निघाला तर उत्तर एकच : पुरवठा माझा, बिल माझे, शिपिंग बिलावर जी.एस.टी. क्रमांकही माझाच. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या आत असल्याने आय.टी.सी.-०४ आम्ही वर्षातून एकदा भरतो. २०२४-२५ चा अजून भरायचा आहे.

आता क्रेडिटचा हिशेब. तिमाहीत घेतलेल्या एकूण १२,०९,००० रुपयांच्या क्रेडिटपैकी १,३५,००० रुपये नवीन सी.एन.सी. लेथवरचे आहेत. ते भांडवली मालावरचे असल्याने परताव्याच्या सूत्रात धरता येत नाहीत, म्हणून वगळले. राहिले १०,७४,००० रुपये : पिग आयर्न, भंगार, कोक, वाळू-रेझिन, वाहतूक आणि जॉबवर्क यांवरचे. यातले ६,१८,००० रुपये आय.जी.एस.टी. आहे. त्याचे कारणही सीमाच. पिग आयर्नचा व्यापारी कोल्हापूरचा, जॉबवर्कर शिनोळीचा. शिनोळी फौंड्रीपासून काही मैलांवर असली तरी कागदावर दोघेही परराज्यातले. उरलेले सी.जी.एस.टी. आणि एस.जी.एस.टी. प्रत्येकी २,२८,००० रुपये.

भंगाराच्या एका व्यापाऱ्याने आपले विवरणपत्र वेळेवर भरले नाही. त्याच्या १,२०,००० रुपयांच्या बिलावरचा २१,६०० रुपयांचा कर जी.एस.टी.आर.-२बी मध्ये उमटला नाही, म्हणून तो आम्ही घेतलाच नाही आणि या अर्जातही धरला नाही. त्याच्याशी आमचे भांडण वेगळे चालू आहे.

देशांतर्गत करपात्र विक्री ३१,५०,००० रुपये. निर्यात धरून समायोजित एकूण उलाढाल ८९,५०,००० रुपये. करमुक्त विक्री काहीच नाही. नियम ८९(४) चे सूत्र लावले तर :

५८,००,००० × १०,७४,००० ÷ ८९,५०,००० = ६,९६,००० रुपये

जून अखेर, जी.एस.टी.आर.-३बी भरल्यानंतर लेजरमध्ये ९,०२,००० रुपये शिल्लक होते. आज अर्ज भरताना ८,११,००० होते : आय.जी.एस.टी. ४,९६,०००, सी.जी.एस.टी. १,६०,०००, एस.जी.एस.टी. १,५५,०००. तिन्ही आकड्यांत सूत्राचा आकडा सर्वांत लहान, म्हणून मागणी तेवढीच. लेजरमधून वजावट अशी झाली आहे : आय.जी.एस.टी. ४,९६,०००, सी.जी.एस.टी. १,००,००० आणि एस.जी.एस.टी. १,००,०००.

बिडाच्या कास्टिंगवर निर्यात शुल्क नाही. ड्रॉबॅक घेतला आहे तो फक्त सीमाशुल्कापुरता, सी.जी.एस.टी.चा ड्रॉबॅक किंवा आय.जी.एस.टी.चा परतावा या मालावर कुठेही मागितलेला नाही. त्याचे स्वयंघोषणापत्र दिले आहे. मालाच्या निर्यातीत परताव्यासाठी बँकेच्या वसुलीचा दाखला बंधनकारक नसला तरी पहिल्या तीन बिलांचे पैसे आले आहेत, म्हणून त्यांची ई-बी.आर.सी. जोडली. चौथ्याचे पैसे यायचे आहेत. ते फेमाच्या मुदतीत आले नाहीत, तर नियम ९६बी प्रमाणे त्या बिलापुरता परतावा व्याजासह परत भरण्याची हमी देतो.

माझ्यावर किंवा फौंड्रीवर करचुकवेगिरीचा कसलाही खटला नाही, त्यामुळे कलम ५४(६) व नियम ९१ नुसार नव्वद टक्के, म्हणजे ६,२६,४०० रुपये तात्पुरता परतावा म्हणून मंजूर करावा ही खास विनंती. कारण आपल्याला ठाऊक आहे. दसऱ्याला भट्टीची, यंत्रांची पूजा झाली; आता दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आहे. कामगारांचा बोनस आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्याची थकबाकी दोन्ही एकदम उभी आहेत आणि बँकेचे कॅश क्रेडिट टोकाला लागले आहे. हे पैसे कराच्या रूपाने आम्ही आधीच भरलेले आहेत.

कागद क्रमाने लावले आहेत. सुरुवातीला ए.आर.एन.ची पोच, त्रुटी मेमो व लेजरची पाने. मग विवरणपत्र ३ व ३ए. त्यामागे प्रत्येक निर्यात बिलाचा स्वतंत्र गठ्ठा : बिल, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, ई.जी.एम.ची नोंद, ई-वे बिल आणि लॉरी पावती. ई/०२ च्या गठ्ठ्यात भाडे-विम्याच्या ८५,००० रुपयांची पावतीही आहे. शेवटी परिशिष्ट ब, म्हणजे आवक बिलांची एच.एस.एन.सह यादी, जी.एस.टी.आर.-२बी, एल.यू.टी.ची पोच आणि घोषणापत्रे. हेच सगळे पोर्टलवर अपलोड केले आहे. छापील संच फक्त आपल्या सोयीसाठी.

पंधरा दिवसांच्या आत आर.एफ.डी.-०२ पोच मिळावी. काही कमी वाटले तर कृपया मेमो काढण्याआधी एक फोन करावा. नंबर अर्जावर आहे. शिपिंग बिलाचे मूळ कागद किंवा चलनबुक घेऊन मी त्याच दिवशी हजर होतो, उद्यमबागेहून आपले कार्यालय लांब नाही. शिनोळीच्या जॉबवर्करकडे प्रत्यक्ष पाहणी करायची असल्यास तोही तयार आहे, त्याला तसे सांगून ठेवले आहे.

आपला विश्वासू,
(सही)
परशराम पाटील
मालक, बीड फौंड्री
उद्यमबाग, बेळगाव