हॉस्टेलची बिल्डिंग, एक्सपान्शन जॉइंट डिटेलिंग नोट (ड्रॉइंग एस-२१७, रिव्हिजन २ सोबत वाचावी)

नमस्कार मंडळी, ही नोट साईट इंजिनियर, शटरिंगवाले, वॉटरप्रूफिंगवाले आणि आर्किटेक्ट मॅडम सगळ्यांसाठी आहे. रिव्हिजन १ वर तीन जणांनी तेच प्रश्न विचारले म्हणून हिशोबासकट सगळं एकदाच लिहून ठेवतोय. जॉइंट जे१ आणि जे२ ची रिकामी गॅप ५० मिमी आहे, ती वरपासून खालपर्यंत खरोखर रिकामी राहिली पाहिजे, आणि गच्चीवर पाणी अडवायचं काम काँक्रीटच्या कर्बचं आहे, सीलंटचं नाही. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी या दोन गोष्टी धरून ठेवा.

बिल्डिंग नागपूरची, तळमजला अधिक तीन मजले, आरसीसी फ्रेम, लांबी ११८.५ मीटर. आयएस ४५६:२००० म्हणतं की ४५ मीटरपेक्षा लांब स्ट्रक्चरला साधारणपणे एक किंवा जास्त एक्सपान्शन जॉइंट द्यायचे. म्हणून ३९.५ मीटरचे तीन ब्लॉक केलेत, ए, बी आणि सी. मॅडमनी विचारलं होतं की मधोमध एकच जॉइंट देऊन भागेल का, कारण कॉरिडॉरमध्ये दुसरी प्लेट बरी दिसत नाही. ५९ मीटरचा ब्लॉक कॅल्क्युलेशन करून बसवता येतो, कोड त्याला बंदी घालत नाही, पण मग कडेच्या कॉलमना वरचा स्लॅब जास्त ओढणार, त्यांचं स्टील वाढणार, आणि आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्याचा फरक मोठा. अजिबात जॉइंट दिला नसता तर २० अंशांचं थंड होणं आणि पूर्ण श्रिंकेज धरून गच्चीच्या लेव्हलला प्रत्येक टोक जवळपास ३० मिमी आत सरकू पाहिलं असतं, त्यातलं जेवढं फ्रेम अडवते तेवढे क्रॅक पडतात. म्हणून दोन जॉइंट, हे फायनल.

आता मूव्हमेंट. फॉर्म्युला सगळ्यांना माहीत आहे,

```
ΔL = α × L × ΔT
```

पण चूक नेहमी L मध्ये होते. स्लॅब जिथे हलत नाही तिथून L मोजायची, ब्लॉकच्या मध्यापासूनच असं नाही. बी आणि सी मध्ये जिने दोन्ही बाजूंना सारखे आहेत म्हणून तिथे स्थिर बिंदू मध्याला, म्हणजे जॉइंटपासून १९.७५ मीटर. ए ब्लॉकला मात्र लिफ्टची भिंत पश्चिमेकडे आहे, ती कडक असल्यामुळे सगळा ब्लॉक तिला धरून पूर्वेकडे सरकणार. मॉडेलमध्ये स्थिर बिंदू पश्चिम टोकापासून ८ मीटरवर येतो, म्हणजे ए कडून जे१ ला ३१.५ मीटरची लांबी लागू होते. त्यात बी चे १९.७५ मिळवले की जे१ साठी L = ५१.२५ मीटर, आणि जे२ साठी १९.७५ + १९.७५ = ३९.५ मीटर. रिव्हिजन १ मध्ये दोन्ही जॉइंटना ३९.५ धरलं होतं, लिफ्टची जागा नंतर बदलली, त्यामुळे जे१ ची मूव्हमेंट तीस टक्क्यांनी वाढली. पुन्हा कुणी लिफ्ट किंवा जिना हलवायचा म्हटलं तर आधी मला फोन करा.

खडी आपली काळा दगड, बसॉल्ट. आयएस ४५६ च्या टेबलात बसॉल्टच्या काँक्रीटला α ०.८ ते ०.९५ × १०⁻⁵ दिलाय, मी १.० × १०⁻⁵ धरलाय. तापमान हवेचं नाही, स्लॅबचं सरासरी धरायचं. गच्चीचा उघडा स्लॅब मे महिन्यात ५२ अंश आणि जानेवारीच्या पहाटे १० अंश, असं धरलं. वरचा पृष्ठभाग ५२ च्या वर जातो पण आपल्याला पूर्ण जाडीची सरासरी पाहिजे. कोब्यावर पांढरा चायना मोझॅक झाला की हे कमी होईल, पण तो फायदा हिशोबात घेतलेला नाही, कारण पहिला उन्हाळा स्लॅब उघडाच काढणार आहे.

सीलिंग करताना स्लॅबचं तापमान २२ ते ३२ च्या मधे असावं ही अट आहे. मग सर्वात वाईट बाजू अशा: २२ ला भरलं आणि ५२ ला गेलं, तर ३० अंश वाढ, जे१ बंद होणार १५.४ मिमी. ३२ ला भरलं आणि १० ला उतरलं, तर २२ अंश घट, जे१ उघडणार ११.३ मिमी, आणि त्यावर उरलेलं श्रिंकेज. एकूण श्रिंकेज स्ट्रेन ०.०००३, त्यातलं निम्मं सीलिंगच्या आधी होऊन जाईल असं धरलंय, म्हणून सीलिंग शेवटच्या स्लॅबनंतर निदान चार महिन्यांनी. उरलेलं ०.०००१५ गुणिले ५१.२५ मीटर म्हणजे ७.७ मिमी. तर जे१ ची एकूण उघडण्याची मूव्हमेंट १९ मिमी. जे२ ला हेच आकडे बंद होताना ११.९ आणि उघडताना १४.६.

भूकंपाचं पण बघितलंय. नागपूर झोन दोनमध्ये आहे, मॉडेलमधून गच्चीला ए आणि बी ची मिळून ११.३ मिमी सरक येते, आर ३ आहे, म्हणजे ३३.९ मिमी. दोन्ही ब्लॉकच्या मजल्यांच्या लेव्हल सारख्या असल्यामुळे आयएस १८९३ मध्ये यातलं निम्मं धरून चालतं, पण मी पूर्ण धरलं. मे महिन्यात जॉइंट १५.४ ने बंद झालेला असताना भूकंप आला तरी ३३.९ + १५.४ = ४९.३, म्हणजे ५० च्या आत. अगदी काठावर बसतंय हे दिसतंय ना, म्हणूनच गॅपला मायनस टॉलरन्स शून्य आहे, प्लस ५. ४८ मिमी आली तर "चालून जाईल" म्हणू नका, मला सांगा.

गॅप रिकामी ठेवायचं सांगतोय त्यामागे एक अनुभव आहे. पूर्वी एका शाळेच्या कामात जॉइंटमध्ये शटरिंगचा थर्माकोल तसाच राहिला, त्यावर दुसऱ्या ब्लॉकच्या स्लॅबचा गळालेला स्लरी बसला आणि दोन ठिकाणी काँक्रीट काँक्रीटला टेकलं. कागदावर जॉइंट होता, बिल्डिंगला नव्हता. दुसऱ्या मे महिन्यात पॅरापेट कोपऱ्यात फुटला आणि वर्गाच्या भिंतीत तिरकी चीर गेली. ती चीर मी हाताने मोजली होती, अजून आठवते. इथे असं व्हायला नको म्हणून शटरिंगला १२ मिमीचे दोन प्लाय आणि मधे २६ मिमीच्या पट्ट्या असं सँडविच करा, १२ + २६ + १२, बरोबर ५०, वर टेप मारून स्लरी बंद, आणि काँक्रीट सेट झाल्यावर आधी मधल्या पट्ट्या काढून मग प्लाय सोडवा. प्रत्येक मजल्यावर वरून टॉर्च मारून फोटो काढायचा, खालचा उजेड दिसला पाहिजे. तो फोटो नसेल तर पुढच्या स्लॅबचं चेकिंग करायला मी येणार नाही.

जॉइंट फाउंडेशनच्या वरच्या तोंडापासून सुरू होतो. जुळ्या कॉलमचं फुटिंग एकच ठेवलंय, जमिनीखाली तापमान फारसं हलत नाही म्हणून ते तोडायची गरज नाही. प्लिंथ बीम मात्र तुटलेला पाहिजे, आणि तिथून वर भिंत, प्लास्टर, टाइल, फॉल्स सीलिंग, रेलिंग, पॅरापेट सगळं त्याच रेषेत तुटलं पाहिजे. प्लास्टरवाले जॉइंटवर जाळी मारून सपाट करतात, तसं करू देऊ नका. पाण्याच्या आणि फायरच्या पाइपला जॉइंटवर फ्लेक्सिबल कनेक्शन, केबलला लूप, कंड्युट सलग नको.

सीलंट. पॉलिसल्फाइडचा आग्रह कॉन्ट्रॅक्टरकडून आला, स्वस्त आहे आणि सगळ्यांचा हात बसलाय हे खरं. पण टू-पार्ट पॉलिसल्फाइड साधारण ±२५ टक्के मूव्हमेंट घेतो. जे१ ला १९ मिमी उघडायचंय, १९ ला ०.२५ ने भागा, ७६ मिमी रुंद जॉइंट लागेल. ५० मध्ये ते ३८ टक्के ताणलं जाणार, म्हणजे एकदोन हिवाळ्यांत कडेने सुटणार. जे२ मध्ये पण २९ टक्के येतं, तिथेही बसत नाही. म्हणून बाहेरच्या भिंतीला दोन्ही जॉइंटवर लो-मॉड्युलस न्यूट्रल क्युअर सिलिकॉन, एएसटीएम सी९२० चा क्लास ५० निदान. त्यात ३८ टक्के आरामात बसतं आणि नागपूरच्या उन्हात सिलिकॉन टिकतो. व्हिनेगरसारखा वास येतो तो अॅसिटॉक्सी प्रकार काँक्रीटला वापरायचा नाही. सिलिकॉनवर पेंट चिकटत नाही, म्हणून मॅडम, शेड आत्ताच भिंतीच्या रंगाशी जुळवून घ्या, नंतर रंगवता येणार नाही.

भरायच्या आधी प्रत्येक मजल्यावर गॅप मोजा. श्रिंकेजमुळे ५० पेक्षा थोडी जास्तच निघेल. ५५ पर्यंत गनने भरू, पण एवढ्या रुंदीला चालतं असं मॅन्युफॅक्चररकडून लेखी घ्या. त्यापुढे तयार सिलिकॉन स्ट्रिप दोन्ही कडांना चिकटवायची, वरच्या मजल्यासाठी थोडी आधीच मागवून ठेवा. बॅकर रॉड क्लोज्ड सेल फोमचा, गॅपपेक्षा पाव पट जाड, म्हणजे ५० ला ६५ चा, दाबून बसवायचा आणि टोकदार वस्तूने ढकलायचा नाही, भोक पडलं की हवा फुगून सीलंटमध्ये बुडबुडे येतात. सीलंटची जाडी मधे १२ मिमी, जास्त नाही. जाड भरलं की जास्त टिकतं हा समज चुकीचा आहे, जाड पट्टा ताणला जात नाही, कडेला ओढतो. चिकटायचं फक्त दोन कडांना, मागे रॉडला चिकटू नये. कडा ग्राइंड करून, धूळ उडवून, कोरड्या करून प्राइमर, आणि पहिल्या मीटरवर सात दिवसांनी ओढून अॅढिशन टेस्ट, ती पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

गच्चीवर जॉइंटच्या दोन्ही बाजूंना १०० मिमी रुंद आरसीसी कर्ब, स्लॅबसोबतच ओतलेला, फिनिश्ड लेव्हलच्या २०० मिमी वर. नंतर विटांचा बांधलेला कर्ब मान्य नाही, त्याच्या खालून पाणी जातं. कर्बच्या डोक्यावरून ईपीडीएम पट्टी ६० मिमी सैल लूप ठेवून, वर कोपिंग, एकाच बाजूला अँकर केलेलं. स्लोप जॉइंटपासून लांब, पाण्याचा आउटलेट जॉइंटजवळ नको.

कॉरिडॉरच्या फ्लोअरवर १६० मिमी रुंद अॅल्युमिनियम प्लेट, एका बाजूला ५० मिमीवर स्क्रू, दुसऱ्या बाजूला ६० मिमी नुसती टेकलेली. १९ मिमी उघडलं तरी ४१ मिमी टेकण उरतं. सरकणाऱ्या बाजूच्या खाचेत प्लेटच्या टोकापुढे २० मिमी जागा सोडा आणि ती मऊ सीलंटने भरा, ग्राउटने नाही. प्लेटखाली मिनरल वूल दाबून फायर-रेटेड सील, त्याचं टेस्ट सर्टिफिकेट प्लेट बसवायच्या आधी मला पाठवा. दोन्ही बाजूंना स्क्रू मारलेली प्लेट दिसली तर लगेच एक बाजू काढायला लावा, माझी वाट बघू नका.