तुझ्या ‘हाय’ला आत्ता उत्तर देतेय

हाय गं! मागच्या मंगळवारी तुझा ‘हाय, कशी आहेस? जिवंत आहेस ना?’ आला तेव्हा लिफ्टमध्ये होते, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात आईच्या औषधांचा कागद, वाचलं आणि एकटीच हसले. म्हटलं हिला रात्री निवांत लिहू, दोन शब्दांत नाही उरकायचं. ती निवांत रात्र आज आली, नऊ दिवसांनी :) तर हो, जिवंत आहे आणि बरी पण आहे.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळजीचं काही नाही, त्याच दिवशी घरी सोडलं, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डोळ्यात दिवसातून कितीतरी वेळा ड्रॉप्स, त्यात दोन वेगवेगळे, एक टाकला की पाच मिनिटं थांबून मग दुसरा, त्यामुळे माझ्या फोनवर दिवसभर अलार्म वाजत असतात. आता अलार्म वाजला रे वाजला की आई आधीच डोळा गच्च मिटून घेते आणि वर मलाच म्हणते, टाक ना लवकर! काळा गॉगल लावून घरभर फिरते, आणि दिसायला लागल्यावर पहिली गोष्ट काय बोलली असेल तर ‘पंख्यावर केवढी धूळ आहे गं’. म्हणजे ऑपरेशन सक्सेसफुल.

बाकी ऑफिस चालू आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तुझं सांग. आणि ‘मजेत’ एवढंच लिहून पाठवू नकोस, मला नीट ऐकायचंय. मागे बोललो तेव्हा तू जॉब सोडायचा की नाही यावर अडकली होतीस, राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये लिहून ठेवलाय म्हणालेलीस, तो गेला का अजून तिथेच आहे? मला मधे दोन-तीनदा आठवण झाली त्याची, विशेषतः सोमवारी सकाळी, का ते तुला कळेलच. आणि तू नुसतंच हाय केलंयस की काही सांगायचं होतं? तसं असेल तर आधी ते सांग, बाकीचं नंतर.

रविवारी अकरानंतर मी मोकळी आहे, म्हणजे दोन अलार्मच्या मधे साधारण तासभर :) तेव्हा फोन करते, तुला जमत नसेल तर उचलू नकोस, मी समजेन, मग व्हॉइस नोट टाक, कितीही लांब चालेल, भांडी घासताना ऐकते.

आणि हो, डीपीतलं ते मांजर कुणाचं? तू तर मांजर दिसलं की खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचीस!