एप्रिल ते जून २०२५ च्या पाणीबिलाबद्दल हरकत

दि. १२ जुलै २०२५

प्रति,
घरमालक
(फ्लॅट क्र. ४, दुसरा मजला)

विषय : पाणीबिलातील ३,९७१ रुपयांच्या जादा आकारणीबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

५ जुलैला मिळालेल्या बिलात १ एप्रिल ते १ जुलै या काळाचा आमचा पाणीवापर १०९ युनिट दाखवला आहे आणि मीटरभाड्यासह ५,१६३ रुपये मागितले आहेत. मीटरच्या फोटोंप्रमाणे हा वापर २९ युनिट आहे आणि रक्कम १,१९२ रुपये होते. मीटर बरोबर आहे, दरही करारातलेच आहेत. चूक एका आकड्याची आहे. ती कुठे झाली असावी हेही बहुधा सापडले आहे.

बिलात मागील रीडिंग २८३ आणि चालू रीडिंग ३९२ आहे. मागील रीडिंग मान्य आहे. चालू रीडिंग मात्र ३१२ होते. दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान घेतलेल्या फोटोंतले आकडे असे :

१ एप्रिल : ००२८३.४१७
१ मे : ००२९३.०५२ (वापर ९.६३५)
१ जून : ००३०३.६८८ (वापर १०.६३६)
१ जुलै : ००३१२.२४६ (वापर ८.५५८)

काळे पाच आकडे म्हणजे पूर्ण घनमीटर, तेच बिलातले युनिट. लाल तीन आकडे म्हणजे लिटर. तिन्ही महिन्यांची बेरीज २८.८२९ घनमीटर, म्हणजे २८,८२९ लिटर. ९१ दिवसांनी भागले तर रोजचे ३१७ लिटर. बिल फक्त काळ्या आकड्यांवर निघते, म्हणून ३१२ वजा २८३ बरोबर २९ युनिट धरले आहेत. पॉइंटापुढच्या हिशेबाने १७१ लिटर आमच्या फायद्याचे निघतात, पण त्यावर वाद घालायचा नाही. रीत आहे तीच चालू द्या. १ जूनच्या फोटोत शेवटचा लाल आकडा आठ आणि नऊच्या मधे अडकलेला दिसतो, तिथे आठ धरला आहे. एकूण वापर पहिल्या आणि शेवटच्या फोटोवरूनच ठरतो, त्यामुळे त्याने काही बिघडत नाही. जूनमध्ये सहा दिवस घर बंद होते, म्हणून तो महिना कमी आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आज, १२ जुलैला सकाळी ८ वाजता हेच मीटर ००३१५.५१२ दाखवते आहे. १ जुलैला ते खरोखर ३९२ वर असते, तर अकरा दिवसांनी ३१५ वर कसे येईल? पाणी वापरून मीटर मागे जात नाही, आणि मीटर बदललेलेही नाही. प्रत्येक फोटोत तबकडीवरचा मीटर क्रमांक दिसतो आणि तो एकच आहे. बाकीचे फोटो बाजूला ठेवले तरी ही एक गोष्ट तुम्ही स्वतः जिन्याखाली जाऊन दोन मिनिटांत पाहू शकता.

पंपाच्या खोलीत टांगलेल्या वहीतल्या त्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. तिथे १ जुलैच्या रकान्यात मराठी आकड्यांत ३१२ लिहिले आहे. मराठी एक घाईत लिहिला की त्याचा गोल मोठा होतो, शेपूट खाली जाते आणि तो हुबेहूब इंग्रजी नऊ दिसतो. तीन आणि दोन हे दोन्ही लिपींत जवळजवळ सारखेच, त्यामुळे बिल बनवणाऱ्याला आकडा इंग्रजीत आहे असे वाटले तर तो ३९२ च वाचणार. त्याच पानावर वरच्या दोन ओळी इंग्रजी आकड्यांत आहेत, म्हणून गोंधळ आणखी वाढला असेल. कुणी मुद्दाम केले असे अजिबात म्हणणे नाही. पण हा एक दशकस्थानी असल्याने फरक थेट ८० युनिटांचा पडला.

शिवाय जादा युनिट वरच्या दराच्या टप्प्यात गेले. करारातल्या कलम ७ प्रमाणे ६० युनिटांपर्यंत ३८ रुपये आणि त्यापुढे ५७ रुपये दर आहे.

बिलाप्रमाणे : ६० × ३८ = २,२८० आणि ४९ × ५७ = २,७९३; मीटरभाडे ९०; एकूण ५,१६३ रुपये
प्रत्यक्ष : २९ × ३८ = १,१०२; मीटरभाडे ९०; एकूण १,१९२ रुपये
फरक : ३,९७१ रुपये

१०९ युनिट म्हणजे रोज सुमारे १,२०० लिटर. तीन माणसांच्या घरात एवढे पाणी गळतीशिवाय जाणार नाही, म्हणून तीही शंका तपासली. ११ जुलैच्या रात्री ११ वाजता सर्व नळ आणि फ्लशच्या टाकीचा कॉक बंद केला तेव्हा मीटर ००३१५.३८८ वर होते. पहाटे साडेपाचलाही तेच होते, आणि तबकडीवरची छोटी लाल चांदणी हलत नव्हती. म्हणजे मीटरपासून नळापर्यंतची लाइन गळत नाही. कॉक बंद असल्याने टाकीतली गळती यात कळत नाही. त्यासाठी टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून पाहिला, अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला नाही. ६ जुलैला २० लिटरची बादली पाच वेळा भरली तेव्हा मीटर ००३१३.७३१ वरून ००३१३.८३३ वर गेले, म्हणजे १०२ लिटर. बादलीवरची खूण काही काटेकोर माप नव्हे, तेव्हा दोन लिटरचा फरक सोडून द्यावा. याआधीच्या दोन तिमाहींची बिलेही २८ आणि २७ युनिटांचीच होती.

वाद नसलेले १,१९२ रुपये आज तुमच्या खात्यात जमा केले आहेत. व्यवहाराच्या शेऱ्यात ‘एप्रिल-जून पाणी, २९ युनिट’ असे लिहिले आहे. उरलेले ३,९७१ रुपये देणे लागत नाही. ते अनामत रकमेतून वळते करू नयेत आणि २० जुलैनंतरचा विलंब आकारही लावू नये, ही विनंती.

सुधारित बिल ३१ जुलैपर्यंत मिळावे. त्याबरोबर वहीतला आकडाही ३१२ असा अक्षरांत लिहून दुरुस्त करावा आणि शेजारी दोघांची सही असावी. हे राहिले तर ऑक्टोबरमध्ये पुन्हा घोळ होईल : तेव्हा मीटर साधारण ३४१ वर असेल, त्यातून ३९२ वजा केले तर वापर उणे येईल, आणि मग कुणीतरी अंदाजाने आकडा टाकेल.

मंगळवारी, १५ जुलैला सकाळी साडेसातला दोघांनी मिळून मीटर पाहू या. काचेवर आतून वाफ धरते, तेव्हा टॉर्च घेऊन येतो. ती वेळ जमत नसेल तर त्याच आठवड्यातली दुसरी कळवा. पुढच्या वेळेपासून रीडिंग घेणाऱ्याने फोटो काढून दोघांनाही पाठवला तर वहीतल्या अक्षरावर अवलंबून राहावे लागणार नाही.

मोबाइलवर मेसेजमधून पाठवलेल्या फोटोंमधली तारीख-वेळेची माहिती बऱ्याचदा निघून जाते. म्हणून मूळ फाइली पेन ड्राइव्हवर देत आहे. छापील प्रतींच्या मागे तारीख आणि रीडिंग लिहिले आहे.

कळावे,

आपला,
भाडेकरू, फ्लॅट क्र. ४

सोबत : मीटरचे नऊ फोटो (१ तारखांचे चार, बादलीच्या वेळचे दोन, रात्रीचा व पहाटेचा, आजचा), वहीच्या पानाचा फोटो, मागील दोन बिलांच्या प्रती, करारातील कलम ७ ची प्रत, आजच्या भरण्याची पावती.