ऊसतोडीला निघणाऱ्या गर्भवतींमधील रक्तक्षय: शिरेतून एकदा लोह की रोजच्या गोळ्या? बीड जिल्ह्यातील यादृच्छिक नियंत्रित चाचणी

सारांश

पार्श्वभूमी: बीड जिल्ह्यातील अनेक गर्भवती दिवाळीच्या आगेमागे टोळीसोबत ऊसतोडीला जातात. तिकडे गेल्यावर गोळ्यांचा पुरवठा आणि तपासणी दोन्ही तुटतात. निघण्यापूर्वी शिरेतून एकदाच लोह दिल्यास हा खंड भरून निघतो का, हे तपासले.

उद्देश: मध्यम रक्तक्षय असलेल्या स्थलांतरित गर्भवतींमध्ये शिरेतून दिलेल्या लोहाची तुलना रोजच्या लोह-फॉलिक ॲसिड गोळ्यांशी करणे.

रचना व स्थळ: दोन समांतर गट, १:१ वाटप. नावनोंदणी धारूर, वडवणी व केज तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत. पाठपुरावा कोल्हापूर, सांगली, सातारा व बेळगाव जिल्ह्यांतील कारखान्यांच्या तळांवर.

सहभागी: गर्भावस्थेचे १४ ते २४ आठवडे, हिमोग्लोबिन ७.० ते ९.९ ग्रॅम/डेसिलिटर, आणि चार आठवड्यांच्या आत ऊसतोडीला निघणाऱ्या महिला. थॅलेसेमिया वा सिकलसेल असलेल्या आणि लोहाची ॲलर्जी माहीत असलेल्या महिला वगळल्या.

उपचार: पहिल्या गटाला फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एकदाच शिरेतून (प्रतिकिलो २० मि.ग्रॅ., कमाल १००० मि.ग्रॅ.), ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि पुढे फक्त फॉलिक ॲसिड. दुसऱ्या गटाला ६० मि.ग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी रोज दोनदा. आठ आठवड्यांचा साठा सोबत. दोन्ही गटांना अल्बेंडाझोल ४०० मि.ग्रॅ. एकदा.

मुख्य निष्पत्ती: आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.० किंवा त्याहून अधिक असलेल्या महिलांचे प्रमाण. १५ टक्केबिंदूंचा फरक ओळखता यावा, असा नमुना आखला होता.

यादृच्छिकीकरण व अंधता: संगणकाने काढलेला क्रम, बदलत्या आकाराचे ब्लॉक, आरोग्य केंद्रनिहाय स्तर, वाटप अपारदर्शक बंद लिफाफ्यांत. महिला व उपचार देणारे यांना गट माहीत होता. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांना नव्हता.

निकाल: ४२० महिलांचे वाटप झाले (प्रत्येक गटात २१०); ३६६ जणींचे विश्लेषण झाले (शिरेतील लोह १८७, गोळ्या १७९). सुरुवातीचे सरासरी हिमोग्लोबिन दोन्ही गटांत ९.१ होते. मुख्य निष्पत्ती शिरेतील लोहाच्या गटात १०० जणींनी (५३.५ टक्के) आणि गोळ्यांच्या गटात ७८ जणींनी (४३.६ टक्के) गाठली, फरक ९.९ टक्केबिंदू (९५ टक्के विश्वास अंतराल −०.३ ते २०.१, पी-मूल्य ०.०५८). दुय्यम निष्पत्तीत सरासरी हिमोग्लोबिन ११.१ व १०.८, फरक ०.३ ग्रॅम/डेसिलिटर (०.१ ते ०.५). गोळ्यांच्या गटात ८० टक्के वा अधिक गोळ्या ९७ जणींनी (५४.२ टक्के) घेतल्या.

दुष्परिणाम: शिरेतून लोह प्रत्यक्ष मिळालेल्या २०६ जणींपैकी १४ जणींना (६.८ टक्के) तासाभरात खाज, डोकेदुखी वा चक्कर, ॲनाफिलॅक्सिस एकीलाही नाही. गोळ्यांच्या गटात ६८ जणींना (३२.४ टक्के) मळमळ, पोटदुखी वा बद्धकोष्ठता. रुग्णालयात दाखल झालेल्या अनुक्रमे ३ व ४, मातामृत्यू नाही.

निष्कर्ष: शिरेतून एकदा लोह दिल्याने आठ आठवड्यांनी ११ ग्रॅम गाठणाऱ्यांचे प्रमाण वाढते, हे या चाचणीत सिद्ध झाले नाही. मात्र उपयुक्त ठरेल एवढा फरक असण्याची शक्यताही निकालांनी नाकारली नाही. सरासरीतील वाढ लहान आहे. पोटाचे त्रास गोळ्यांच्या गटात अधिक आढळले.

नोंदणी व अर्थसाहाय्य: पहिली महिला घेण्यापूर्वी सीटीआरआयमध्ये नोंदणी, निनावी परीक्षणासाठी क्रमांक संपादकांच्या पत्रात स्वतंत्र दिला आहे. खर्च संस्थेच्या संशोधन निधीतून. औषध कंपनीकडून पैसा वा औषध घेतलेले नाही.

---

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

वरचा सारांश पाठवण्याजोगा झाला आहे असे मला वाटते. काल फोनवर आपण काढलेल्या दोन मुद्द्यांवर मी रात्री पुन्हा आकडे घेऊन बसले. उत्तर लेखी देते, म्हणजे मॅडमनाही वाचता येईल.

पहिला मुद्दा सरासरीचा. ०.३ ग्रॅमचा फरक सांख्यिकीय दृष्ट्या स्पष्ट आहे, तेव्हा निकालाची सुरुवात त्याने करावी, असे आपण सुचवले. सर, मला ते पटत नाही. नोंदणीत आपण मुख्य निष्पत्ती म्हणून ११ ग्रॅम गाठण्याचे प्रमाण लिहून दिले आहे. तालुक्याचा आरोग्य अधिकारी बहुधा सारांशच वाचेल, आणि त्यातही पहिले वाक्य. तिथे सरासरी आली, तर शिरेतले लोह जिंकले असे समजून तो औषधाची मागणी नोंदवेल. त्यामुळे मुख्य निष्पत्ती पुढेच राहू द्यावी, आणि तिच्यासोबत अंतरालही. फक्त ०.०५८ लिहिले तर कोणी "थोडक्यात हुकले" म्हणेल, कोणी "फरक नाही" म्हणेल, दोन्ही चूक. −०.३ ते २०.१ हे आकडे डोळ्यासमोर असले की आपल्याला काय कळले आणि काय कळले नाही, ते वाचणाऱ्याला आपोआप दिसते.

दुसरा मुद्दा न सापडलेल्या ५४ जणींचा. त्या सगळ्यांचे हिमोग्लोबिन ११ च्या खालीच राहिले असे धरले, तर १०० भागिले २१० आणि ७८ भागिले २१० होतात: ४७.६ आणि ३७.१ टक्के. फरक १०.५ येतो, अंतराल १.१ ते १९.९, म्हणजे शून्याच्या पलीकडे. मोह होतो, हे खरे. पण हे गृहीतक आपण आधी ठरवलेले नव्हते, शिवाय ते गोळ्यांच्या गटावर अन्याय करते. त्या गटात ३१ जणी हरवल्या, दुसऱ्यात २३. सगळ्यांना अपयशी धरले की जास्त हरवलेला गट आपसूक मागे पडतो. त्यातल्या बहुतेकींच्या टोळ्या मुकादमाने मधेच दुसऱ्या कारखान्यावर नेल्या होत्या. आपली ताई रक्त घ्यायला पोचली तेव्हा कोप्या मोकळ्या होत्या, चुलीचे दगड तेवढे जागेवर. बाई सापडली नाही याचा अर्थ तिचे रक्त वाढले नाही, असा होत नाही. हे विश्लेषण मुख्य लेखात, "नंतर केलेले" अशी स्पष्ट नोंद करून द्यावे. सारांशात नको.

जन्मवजनाची माहिती मी सारांशातून काढली आहे. ती अजून अपुरी आहे, आणि अर्धा आकडा देण्यापेक्षा न दिलेला बरा. दुष्परिणामांच्या ओळी मात्र जागा कमी पडली तरी कापू नयेत अशी विनंती. चक्कर आलेल्या आणि पोट दुखलेल्या बायकांनी आपल्याला वेळ दिला आहे, आणि उद्या औषध निवडणाऱ्या डॉक्टरला तेच आकडे लागतील. लोह न मिळालेल्या चार जणी मुख्य विश्लेषणात वाटपाच्या गटातच आहेत. दुष्परिणामांत छेद २०६ का आहे, असे परीक्षकांनी विचारले तर हेच उत्तर आहे.

संपादकांची मर्यादा ५०० शब्दांची आहे आणि आपण तिच्या आत आहोत. तरीही त्यांनी कात्री लावायला सांगितले, तर पार्श्वभूमीचे दुसरे वाक्य आणि अल्बेंडाझोलची ओळ जाऊ द्यावी. आपला होकार आला की आज संध्याकाळी पाठवते.

आपली,
सहसंशोधक, समाजवैद्यक विभाग